दुपारी तीनला पुन्हा मान धरते? आधी कारण शोधा, मग हे तीन व्यायाम

"मॅडम, मसाज केला की दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजले की मान पुन्हा धरते."

हे वाक्य मी आठवड्यातून किमान चार-पाच वेळा ऐकते. बोलणारं माणूस बदलतं, वेळ फार बदलत नाही. सकाळी सगळं ठीक असतं. जेवणानंतर तासाभरात मानेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा कडक होऊ लागतो, मग पाठीच्या दोन पंख्यांच्या मधोमध जळजळतं आणि संध्याकाळी खुर्चीतून उठताना कंबर धरते. रविवारी मात्र काही नसतं. तुमचं दुखणं असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. हात-पायात जाणाऱ्या दुखण्याचं गणित वेगळं असतं, त्याविषयी शेवटी लिहिलं आहे. तो भाग व्यायाम सुरू करण्याआधी वाचा.

ज्यांच्यावरून हे लिहिते आहे त्या बाई ४४ वर्षांच्या. ठाण्याहून रोज लोकलने फोर्टला जातात, हिशेबाचं काम. उजवी बाजू जास्त दुखते. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी बाम, गरम पाण्याची पिशवी, मानेचा पट्टा, नवी उशी आणि दर पंधरा दिवसांनी मसाज असं सगळं करून पाहिलं होतं. प्रत्येक उपायानं थोडं बरं वाटलं, म्हणजे उपाय खोटे नव्हते. पण ज्या कारणानं स्नायू दमत होता ते कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऑफिसात त्यांची वाट पाहत असायचं.

दुखतं तो स्नायू आखडलेला असतो की दमलेला?

मानेच्या कडेनं खांद्याकडे उतरणारा जो पट्टा आपण सगळे चोळत असतो, त्याच्यावर दोन ओझी असतात. एक डोक्याचं, साधारण साडेचार ते पाच किलो. दुसरं हातांचं, आणि हे कुणाच्या लक्षातच येत नाही. एका हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के धरा. साठ किलोच्या माणसाचा एक हात तीन किलोचा. टाइप करताना कोपरांना आधार नसेल तर ते तीन-तीन किलो मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंना धरून ठेवावे लागतात. ताकद फारशी लागत नाही, पण सुटीही मिळत नाही. सतत थोडा आवळलेला स्नायू स्वतःचाच रक्तपुरवठा दाबून धरतो. दुपारपर्यंत तो जळजळू लागतो आणि हाताला गाठीसारखा लागतो.

आपण त्याला "आखडलेला" म्हणतो आणि ताणायला जातो. कान खांद्याला टेकवून हातानं डोकं खाली ओढायचं, हा ऑफिसातला सगळ्यात लाडका स्ट्रेच. ताणल्यावर दहा मिनिटं छान वाटतं, मी नाकारत नाही. पण दमलेल्या स्नायूला ताणून त्याचं ओझं कमी होत नाही. शिवाय हातात मुंग्या येत असतील तर हाच ताण नसेला त्रास देतो. म्हणून पुढच्या तिन्ही व्यायामांत मी तो ठेवलेला नाही.

एक चाचणी, बसल्या जागी

खुर्चीत ताठ बसा, हात बाजूला मोकळे सोडा. मान हळूहळू उजवीकडे वळवा, मग डावीकडे. कुठल्या बाजूला किती मागचं दिसतं ते एखाद्या खुणेवरून लक्षात ठेवा; खिडकीची चौकट, कपाटाची कडी, काहीही चालेल. आता दोन्ही कोपरं टेबलावर किंवा खुर्चीच्या हातांवर अशी टेका की खांदे किंचित वर उचलले जातील आणि हातांचं सगळं वजन खाली जाईल. तसंच राहून मान पुन्हा वळवा.

दुसऱ्या खेपेला मान जास्त वळली किंवा दुखणं कमी झालं, तर हातांचं वजन हे तुमच्या दुखण्याचं मोठं कारण आहे. काहीच फरक पडला नाही, तर डोकं पुढे काढून बसण्याकडे आणि आखडलेल्या वरच्या पाठीकडे आधी बघायचं. या बाईंची मान उजवीकडे वळताना अडत होती. कोपरं टेकवल्यावर ती बरीच मोकळी झाली. पूर्ण नाही. म्हणजे त्यांच्याकडे दोन्ही गोष्टी होत्या.

मी त्यांना तीन दिवस एक कागद जवळ ठेवायला सांगितला. दुखायला लागलं की वेळ आणि त्या क्षणी चाललेलं काम, एवढंच लिहायचं. सोमवारी सव्वातीन, मंगळवारी तीन वाजून दहा, बुधवारी साडेबारा. बुधवारी इतक्या लवकर का? त्या दिवशी सकाळभर फोन होते, आणि फोन उजव्या खांद्यात दाबून त्या डाव्या हातानं आकडे लिहून घेत होत्या. हा कागद मला एक्स-रेपेक्षा जास्त उपयोगी पडला. चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेमध्ये थोडीफार झीज पुष्कळांना दिसते, दुखत नसणाऱ्यांनाही. "मणक्यात गॅप आलाय" हे ऐकून घाबरलेली कितीतरी माणसं मान वळवायचीच सोडून देतात, आणि मग ती खरोखर आखडते.

पहिला व्यायाम: हनुवटी मागे

खुर्चीत पार मागे सरकून बसा. नजर समोर. हनुवटी वर-खाली न करता, ड्रॉवर आत ढकलावा तसं अख्खं डोकं सरळ मागे न्या. हनुवटीखाली वळ्या पडतील, पडू द्या. तीन ते पाच सेकंद थांबा, सोडा. असं आठ ते दहा वेळा.

ताण कुठे जाणवायला हवा? कवटी आणि मान जिथे मिळतात तिथे, केसांच्या रेषेजवळ. घशाच्या बाजूला आतून हलकंसं काम होतंय असंही वाटेल. तिथे मानेचे खोलातले स्नायू असतात, आणि डोकं पुढे काढून बसणाऱ्यांचे हेच स्नायू बिनकामाचे राहतात.

चूक हमखास एकच होते: माणसं डोकं मागे नेण्याऐवजी खाली वाकवतात. नजर टेबलाकडे गेली की समजा चुकलं. भिंतीला पाठ लावून उभं राहून करून पाहिलं की फरक पटकन कळतो; डोक्याचा मागचा भाग भिंतीवर सरळ टेकायला हवा. दातांवर दात दाबू नका. करताना मानेतच थोडं दुखलं आणि सोडल्यावर थांबलं तर चालेल. दुखणं हातात उतरायला लागलं तर तिथेच थांबा.

दुसरा व्यायाम: वरची पाठ मागे

मला विचाराल तर तिघांतला हा सगळ्यात मोलाचा, आणि सगळ्यात कमी केला जाणारा. मानेचे मणके सात, त्यांच्याखाली छातीच्या मागचे बारा. हे बारा मणके दिवसभर पुढे वाकलेल्या अवस्थेत आखडून बसले की समोर बघण्यासाठी मानेला एकटीला मागे मुडपावं लागतं. दुखते मान, पण अडलेलं असतं तिच्याखाली.

टेकायची बाजू साधारण तुमच्या पाठीच्या पंख्यांच्या उंचीची असलेली खुर्ची घ्या. चाकांची खुर्ची असेल तर आधी ती भिंतीला किंवा जड टेबलाला टेकवा. मागे रेलताना खुर्ची सरकून पडलेली माणसं मी पाहिली आहेत. दोन्ही तळवे मानेमागे गुंफा म्हणजे डोक्याचं वजन हातांवर येईल. कोपरं समोरच्या दिशेला ठेवा. आता खुर्चीच्या वरच्या कडेवरून वरची पाठ हळूच मागे झुकवा आणि झुकताना श्वास सोडा. दोन सेकंद थांबा, परत या. पाच-सहा वेळा झाल्यावर बैठक दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे सरकवा, म्हणजे कड दुसऱ्या मणक्यावर येईल. तिथे पुन्हा पाच-सहा वेळा.

इथे फसगत अशी होते की वरची पाठ जागची हलत नाही आणि कमरेतून कमान होते. ती टाळायला पावलं जमिनीवर सपाट ठेवा आणि पोट किंचित आत घ्या. हालचाल अगदी थोडी वाटली तरी ती बरोबर असू शकते, कारण बरगड्यांमुळे हा भाग मुळातच कमी वाकतो. मध्येच हलका "कट" आवाज आला आणि दुखलं नाही तर त्याची काळजी नको. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल किंवा मणक्याला पूर्वी फ्रॅक्चर झालेलं असेल तर मात्र हा व्यायाम स्वतःहून करू नका.

तिसरा व्यायाम: उभं राहून कमरेतून मागे

पाय खांद्यांइतके लांब, गुडघे सरळ. दोन्ही तळवे कमरेवर मागून, बोटं खाली. हात टेकूसारखे वापरून कमरेतून मागे वाका, क्षणभर थांबा, सरळ व्हा. आठ ते दहा वेळा. सुरुवातीच्या दोन-तीन खेपा ताठर वाटतात, पुढे वाकणं वाढत जातं.

मागे वाकण्याची ही कल्पना आमच्या क्षेत्रात रॉबिन मॅकेन्झी या न्यूझीलंडच्या फिजिओथेरपिस्टमुळे रुजली. १९५६ मध्ये वेलिंग्टनमध्ये त्यांचा एक रुग्ण डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर चुकून पालथा झोपून राहिला आणि त्याचं पायातलं दुखणं ओसरलं. त्यातून मॅकेन्झींनी एक साधी कसोटी मांडली, ती तुम्हालाही वापरता येते: दुखणं पायाकडून कमरेच्या मध्याकडे सरकत असेल तर दिशा बरोबर, मग कमरेत जरा जास्त दुखलं तरी. दुखणं मांडीत, पोटरीत खाली उतरू लागलं तर दिशा चुकीची, व्यायाम थांबवा.

सगळ्यांना मागे वाकणं मानवत नाही. साठीच्या पुढच्या काहींना थोडं चाललं की पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं वाटतं. मणक्यातली जागा अरुंद झाल्याची ही खूण असू शकते. त्यांनी मागे वाकू नये. खुर्चीत बसून पुढे वाकणं त्यांना बरं वाटतं, पण तपासणी करून घ्यावीच.

यालाच लागून एक सांगते. पोक काढून बराच वेळ बसलं की कमरेचे बंध हळूहळू ताणले जातात, आणि उठल्याबरोबर ते मूळच्या लांबीला येत नाहीत. त्यांना काही मिनिटं लागतात. म्हणून तास-दीड तास बसून उठल्या उठल्या वीस लिटरचा पाण्याचा जार उचलायला गेलेल्या माणसाची कंबर धरते, तेव्हा दोष एकट्या जारचा नसतो. उठा, दहा वेळा मागे वाका, दोन मिनिटं चाला, मग उचला.

किती वेळा आणि केव्हा

तिन्ही मिळून दोन-तीन मिनिटं लागतात. सकाळी घरी वीस मिनिटं करून दिवसभर न हलणं, यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं केलेलं या दुखण्याला जास्त लागू पडतं. आणि करायचं दुखायच्या आधी. बाईंचं दुखणं तीनच्या सुमारास सुरू व्हायचं, म्हणून त्यांना साडेअकरा, जेवणानंतर लगेच आणि अडीच या वेळा ठरवून दिल्या. संध्याकाळच्या चहाला चौथी खेप. दुसरा व्यायाम भरल्या पोटी नको वाटतो, म्हणून जेवणानंतर फक्त पहिला आणि तिसरा.

दहा दिवसांनी पुन्हा दुखलं, ते का

पहिल्या आठवड्यात सव्वातीनचं दुखणं साडेचारवर गेलं. दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी त्या आल्या त्या वैतागूनच. व्यायाम नेमानं चालू होते, तरी मान पहिल्यापेक्षा जास्त धरली होती. मी त्यांना ऑफिसातल्या टेबलाचा बाजूनं काढलेला फोटो मागितला. तो पाहिला आणि घोटाळा कळला.

कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत हवी. सल्ला योग्यच, पुष्कळांना लागू. म्हणून त्यांनी लॅपटॉप दोन बॉक्स फाइलींवर चढवला. पण त्यांना वर्षभरापूर्वी प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला होता. त्या काचेत वरून लांबचं दिसतं, जवळचं वाचायची जागा खाली असते, आणि मधल्या अंतराला अरुंदसा पट्टा. स्क्रीन वर गेल्यावर अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्या हनुवटी वर उचलून, डोकं मागे टाकून बघत होत्या. दिवसभर. कवटीच्या तळाशी मान मुडपलेली, म्हणजे पहिल्या व्यायामात जे करायचं त्याच्या बरोबर उलट. तेही तासन् तास. वर कीबोर्ड लॅपटॉपचाच असल्यानं हातही त्या दोन फाइलींच्या उंचीवर तरंगत राहिले.

बदल असे केले. फाइली काढल्या आणि स्क्रीन इतकी खाली आणली की हनुवटी न उचलता मधली ओळ वाचता यावी. स्क्रीनचा माथा थोडा मागे कलवला. वेगळा कीबोर्ड आणि माउस घेतला, तो टेबलाच्या कडेपासून इतका आत ठेवला की कोपरापर्यंतचा हात टेबलावर टेकेल. फोनसाठी इअरफोन. खुर्ची उंच होती, त्यांची पावलं लोंबकळत होती, म्हणून त्या खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायच्या आणि पाठीचा आधार वाया जायचा. पायांखाली कागदाच्या रिमचं एक पुडकं ठेवलं. पुढे त्यांनी फक्त कॉम्प्युटरच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतला. चाळिशीनंतर मान नव्यानं दुखू लागली असेल तर मी आता पहिल्याच भेटीत चष्म्याविषयी विचारते.

तुमचंही व्यायाम करून दोन आठवड्यांत काहीच हललं नाही, तर व्यायाम वाढवू नका. कुणाला तरी तुमच्या नकळत, काम करताना, बाजूनं फोटो काढायला सांगा. पाहायच्या जागा तीन: हनुवटी वर उचललेली आहे का, कोपरं हवेत आहेत का, आणि पाठ व खुर्ची यांच्यामध्ये मोकळी जागा आहे का.

हे असेल तर व्यायाम नको, डॉक्टर

हातात किंवा पायात सतत मुंग्या, बधिरपणा, हातातून वस्तू निसटणं. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं किंवा चालताना तोल जाणं. यात मानेतला मज्जारज्जू दबलेला असू शकतो आणि उशीर महागात पडतो. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा बैठकीची जागा बधिर होणं, यात त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, ताप, कारणाशिवाय उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ. छातीत दडपण आणि सोबत मान, जबडा किंवा हात दुखत असेल, घाम सुटत असेल तर मान चोळत बसू नका, आधी हृदयाची तपासणी.

एक दुखणं तरुणांमध्ये फार वेळा "बसून बसून होतंय" म्हणून सोडून दिलं जातं. वय चाळिशीच्या आत, कंबर तीन महिन्यांहून जास्त काळ दुखते, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेली असते, आणि विश्रांतीनं वाढून हालचालीनं कमी होते. ऑफिसच्या दुखण्याची चाल याच्या उलट असते. ते सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त. कंबर अशी सकाळी आखडत असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

आणि केस कापून झाल्यावर मान कडकडून मोडून घेणं, कृपा करून बंद करा. झटक्यानं वळवलेल्या मानेत मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर जाऊ शकते. क्वचित होतं, पण झालं तर अर्धांगवायूपर्यंत जातं.

बाईंची मान सहाव्या आठवड्यापर्यंत आठवड्यातले चार-पाच दिवस अजिबात दुखत नव्हती. महिनाअखेरीला अजून दुखते. तेव्हा काम रात्री आठपर्यंत चालतं आणि अडीचची खेप चुकते. मागच्या भेटीत त्यांनी उजवीकडे वळून माझ्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ वाचून दाखवलं. पहिल्या दिवशी त्यांना त्यासाठी अख्खं धड वळवावं लागलं होतं.